काढ्याचा डमी बनवताना कळलेली मेंदूतली केमिस्ट्री

मी गोव्यात फोंड्याकडे राहतो, शिक्षणाने फार्मासिस्ट, आणि आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये काम करतो. ओळखीतल्या एक डॉक्टर एमडी आयुर्वेद करत होत्या, त्यांच्या थिसिसला ट्रायल होती. गुडघेदुखीवर रास्नासप्तक काढा विरुद्ध प्लासिबो, दोन्हीकडे 30-30 पेशंट, सहा आठवडे. काढा करणारे कितीतरी मिळाले असते त्यांना, पण त्याच्यासारखा दिसणारा, वास येणारा आणि लागणारा पण औषध नसलेला डमी कोणी करून देईना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पुढे बाटल्यांवर कोड लावणं, पेशंटच्या डायऱ्या तपासणं हेही माझ्याच गळ्यात पडलं. त्यामुळे ट्रायल आतून कशी चालते ते बघायला मिळालं आणि झाडपाल्याच्या औषधाची परीक्षा एवढी अवघड का असते हेही समजलं, तेच इथे लिहितोय. थोडं लांबलंय.

रास्नासप्तकात सात द्रव्यं. रास्ना, गुळवेल, बहावा, देवदार, गोखरू, एरंडमूळ, पुनर्नवा. घरी भरड उकळून काढा करायचा म्हटला तर डमीचा विषयच संपला, कारण भांडं चुलीवर ठेवलं की शेजाऱ्याला पण कळतं काय शिजतंय. म्हणून आम्ही तयार प्रवाही काढा केला, गडद तपकिरी बाटलीत, 15 मिली कोमट पाण्यातून दिवसात दोनदा. शास्त्रात याच्याबरोबर सुंठ सांगितलीय, ती आम्ही मुद्दाम गाळली कारण सुंठेवर गुडघेदुखीसाठी वेगळ्या ट्रायल झाल्यात, म्हणजे ती काढ्यात राहिली तर वासासाठी डमीतही टाकावी लागणार आणि मग तो डमी कसला.

रंग सोपा, कॅरॅमल घातलं की झालं. कडूपणासाठी डिनॅटोनियम बेंझोएट आणलं, हे इतकं कडू असतं की लाखात एक भाग असला तरी तोंड वाकडं होतं, पण त्याचा कडूपणा वेगळा निघाला, एकदम चढतो आणि जिभेवरून जाता जात नाही. गुळवेलीचा कडू हळू येतो आणि त्याच्यामागे तुरटपणा असतो. देवदाराचा तो राळेसारखा वास तर कशानेच येईना. त्यात मला अजिबात न सुचलेली गोष्ट म्हणजे फेस. गोखरूमध्ये सॅपोनिन असतात, बाटली हलवली की खऱ्या काढ्यावर बारीक फेस धरतो आणि बराच वेळ बसत नाही, डमी हलवला तर पाण्यासारखा गप्प. आणि लेबलवर तर लिहिलेलंच असतं, बाटली हलवून घ्या! शिवाय खऱ्या काढ्याच्या तळाला गाळ बसतो, डमीत तो पण नाही.

शेवटी तडजोड केली. डमीत 5 टक्के खरा काढा, गाळासाठी थोडं सेल्युलोज, कडूपणाला डिनॅटोनियम अगदी नावापुरतं. म्हणजे 15 मिलीच्या डोसात पाऊण मिली खरं औषध गेलं. याच्यावर आमचा बराच वाद झाला. चिनी औषधांच्या ट्रायलमध्येही असं 5-10 टक्के मूळ औषध घातलेले डमी वापरतात, आणि त्यांच्यावर हाच आक्षेप असतो की हा प्लासिबो कुठला, हा तर कमी डोसचा ग्रुप झाला. आक्षेप बरोबर आहे. पण दुसरीकडे वासच नसलेला डमी दिला तर पेशंट दुसऱ्या दिवशी ओळखणार, आणि ओळखला की सगळं मुसळ केरात. माझ्या मते 5 टक्क्यांचं नुकसान त्यामानाने कमी, फक्त ते थिसिसमध्ये स्पष्ट लिहायला हवं, आणि डॉक्टरांनी लिहिलं.

मग कॉलेजातली मुलं बसवून ट्रँगल टेस्ट घेतली. तीन कप, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनातला एक जण बरोबर येणारच, तेव्हा बरोबर ओळखणारे साधारण तेवढेच राहिले पाहिजेत. पहिल्या बॅचला जवळपास सगळ्यांनी ओळखला. शेवटच्या बॅचला अंदाजाच्या आसपास आलो, तेव्हा कुठे बाटल्या भरल्या.

आता प्रश्न असा की एवढा खटाटोप कशासाठी, पाण्याने गुडघा थोडाच बरा होणार आहे. इथेच मला डॉक्टरांनी वाचायला दिलेल्या पेपरांनी धक्का दिला. माझ्या डोक्यात प्लासिबो म्हणजे मनाची समजूत, पेशंट बिचारा डॉक्टरला बरं वाटावं म्हणून "हो, कमी आहे" म्हणतो, इतकंच होतं.

1978 साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी कॅलिफोर्नियात अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर प्रयोग केला. दाढ काढल्यावर भूल उतरली की ठणका लागतो, तेव्हा काहींना नुसतं प्लासिबो दिलं. काहींचं दुखणं खरंच कमी झालं. नंतर नॅलॉक्सोन दिलं. नॅलॉक्सोन म्हणजे मॉर्फिन किंवा हेरॉइन जास्त झालेल्या माणसाला वाचवायला देतात ते इंजेक्शन, ते ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनसारख्या द्रव्यांच्या रिसेप्टरवर, पेशीवरच्या त्यांच्या ठरलेल्या जागेवर जाऊन बसतं आणि मॉर्फिनला जागाच देत नाही. आता या लोकांना मॉर्फिन दिलेलंच नव्हतं, तरी प्लासिबोने ज्यांना आराम पडला होता त्यांचं दुखणं नॅलॉक्सोननंतर परत वाढलं. म्हणजे आराम पडत होता तो शरीराने स्वतः सोडलेल्या एंडॉर्फिनसारख्या द्रव्यांनी. समजूत असती तर नॅलॉक्सोनने काय बिघडलं असतं? त्या प्रयोगावर शंका घेतल्या गेल्या, पण इटलीत तुरीनला बेनेदेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे पुन्हा पुन्हा तेच दाखवलं. 2005 साली मिशिगनमधल्या झुबिएता यांच्या गटाने पेट स्कॅनमध्ये बघितलं की वेदना चालू असताना "हे वेदनाशामक आहे" म्हणून नुसतं मिठाचं पाणी दिलं की मेंदूतल्या ठराविक भागांत स्वतःची ओपिऑइडं सुटतात. तिथून निरोप मेंदूच्या बुंध्याकडे आणि खाली पाठीच्या कण्यात जातो आणि गुडघ्याकडून वर येणारा वेदनेचा सिग्नल वाटेतच दबतो. जर्मनीत 2009 मध्ये मज्जारज्जूच्या स्कॅनमध्ये पण हे दिसलं.

म्हणजे आमच्या डमीच्या बाटलीत औषध नावापुरतंच असलं तरी बाटली घेणाऱ्याच्या शरीरात औषध तयार होत होतं. आणि ते तयार करायला लागणारं सगळं सामान काढ्यात ठासून भरलेलं असतं, कडू चव, उग्र वास, कोमट पाणी करा, मोजून घ्या, बोळक्यातून झाडपाला देणाऱ्या आजीची आठवण. गोव्यात लहानपणी ताप आला की किराईत पाजलेलं कोण विसरलंय? कडू म्हणजे लागू पडणारच हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पांढऱ्या गोळीला एवढं पाठबळ नसतं.

डोपामिन या मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या रसायनाचा भाग मला जास्त विलक्षण वाटला. 2001 मध्ये व्हँकुव्हरच्या दे ला फुएंते-फर्नांदेझ आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या पेशंटना इंजेक्शनमधून नुसतं सलाइन दिलं, पेशंटना वाटत होतं की औषध असू शकतं. स्कॅनसाठी रॅक्लोप्राइड नावाचा किरणोत्सर्गी रेणू दिलेला, तो डोपामिनच्याच रिसेप्टरवर बसतो, स्वतःचं डोपामिन वाढलं की त्याला जागा मिळत नाही आणि स्कॅनमध्ये तो कमी दिसतो. सलाइननंतर तो कमी दिसला. ज्यांच्या मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत चालल्यात त्यांनी नुसत्या अपेक्षेवर ते सोडलं. त्याच शहरातून 2010 मध्ये लिडस्टोन यांचा पेपर आला. पेशंटना सांगितलं की तुम्हाला खरं औषध मिळण्याची शक्यता 25, 50, 75 किंवा 100 टक्के आहे, आणि प्रत्यक्षात दिलं सगळ्यांना प्लासिबोच. डोपामिन ठळकपणे वाढलं ते 75 टक्के सांगितलेल्यांत. खात्री आहे पण पूर्ण नाही, अशा वेळी.

हे पार्किन्सनचं झालं, पण वेदनेतही तसंच दिसतं. निरोगी माणसांवरच्या पेट स्कॅनमध्ये, आराम पडणार या अपेक्षेने मेंदूतल्या बक्षिसाच्या केंद्रात ज्यांचं डोपामिन जास्त सुटतं त्यांना प्लासिबोने आरामही जास्त मिळतो. ढोबळ सांगायचं तर डोपामिन आशेचं काम करतं आणि ओपिऑइड वेदना दाबायचं.

हे वाचल्यावर आम्ही पेशंटला द्यायचं माहितीपत्रक परत काढून बसलो. त्यात लिहिलं होतं, "तुम्हाला काढा किंवा डमी मिळण्याची शक्यता समान आहे." कागदावर 50 टक्के. पण पेशंट तसं ऐकत नाही. सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका काकूंनी सही करताना सरळ विचारलं, "एवढ्या लांबून बोलावलंत ते खोटं औषध द्यायला थोडंच?" म्हणजे त्यांच्या मनात आकडा नव्वदच्या पुढे. डॉक्टरांनी समजावलं, त्यांनी मान डोलावली, आकडा किती खाली आला कोणाला माहीत. आणि ट्रायलबाहेर, खऱ्या ओपीडीत वैद्य थोडाच म्हणतो की निम्मी शक्यता आहे? तो छातीठोकपणे देतो. म्हणजे तोच काढा ट्रायलमध्ये एका मेंदूला भेटतो आणि दवाखान्यात वेगळ्याच मेंदूला.

देणाऱ्याचाही प्रश्न असतोच. 1985 मध्ये ग्रेसली यांच्या प्रयोगात दाढेच्याच पेशंटना प्लासिबो दिलं. एका गटात डॉक्टरांना माहीत होतं की या गटात फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक असूच शकत नाही, दुसऱ्या गटात माहीत होतं की असू शकतं. पेशंटना दोन्हीकडे एकच सांगितलेलं. तरी दुसऱ्या गटात प्लासिबोने जास्त आराम पडला. म्हणजे डॉक्टरच्या चेहऱ्यावरून, आवाजातून कळतं. म्हणून आमच्याकडे बाटली देणारा, गुडघा तपासणारा आणि कोड ठेवणारा अशी तीन वेगळी माणसं होती. कोडची यादी बंद पाकिटात माझ्याकडे आणि मी पेशंटच्या समोर जायचंच नाही. डायऱ्या पण माझ्याकडे फक्त नंबरने यायच्या.

ट्रायल सुरू झाली तशी पेशंटची नेहमीची पेनकिलर आधी काही दिवस बंद ठेवली आणि मग मोजमाप केलं. 100 मिलिमीटरची एक आडवी रेघ, डावीकडे शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, उजवीकडे 100 म्हणजे सहन होत नाही, पेशंटने स्वतः खूण करायची. अगदीच असह्य झालं तर 500 मिलिग्रॅमची पॅरासिटॅमॉल घ्यायची मुभा, फक्त डायरीत लिहायचं. हा कॉलम कंटाळवाणा दिसतो, पण सगळ्यात जास्त लक्ष त्याच्यावरच हवं. मधे चवथ आली. चवथीत बायका जमिनीवर मांडी घालून नेवऱ्या करत बसतात, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला चढउतार होते, गुडघ्यांचं काय होत असेल विचार करा. त्या आठवड्यात रेघेवरच्या खुणा फारशा हलल्या नाहीत पण पॅरासिटॅमॉल वाढली. दोन्ही ग्रुपचं दुखणं सारखं दिसत असेल आणि एक ग्रुप मुकाट्याने जास्त गोळ्या खात असेल तर नुसत्या रेघेवरून काढलेला निष्कर्ष चुकणारच.

पहिल्या दोन आठवड्यांतच बहुतेकांच्या खुणा डावीकडे सरकायला लागल्या. बहुतेकांच्या म्हणजे दोन्ही ग्रुपच्या, हे नंतर पाकीट उघडल्यावर कळलं. काढ्याचा ग्रुप थोडा पुढे होता, पण एवढा नाही की योगायोग नाही असं छातीवर हात ठेवून सांगावं.

हे असं का होतं ते एका उदाहरणाने सांगतो, आकडे समजुतीसाठी घेतलेत. समजा सुरुवातीला सगळ्यांचं दुखणं 65 आहे, आणि काढ्याने ते 20 ने उतरून 45 वर येतं. दर पेशंटमागे चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, 25 धरू. 20 चा फरक पकडायला नेहमीच्या हिशोबाने, 80 टक्के पॉवर धरून, म्हणजे फरक खरा असेल तर पाचातल्या चार वेळा सापडावा असं धरून, प्रत्येक ग्रुपमध्ये 25 पेशंट पुरतात. थिसिसचे 30-30 इथूनच येतात. पण डमीवालेही 14 ने उतरून 51 वर आले तर? आता पकडायचा फरक 6. त्याला प्रत्येक ग्रुपमध्ये 270 च्या वर पेशंट लागतील. फरक साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला की पेशंट दहापटीहून जास्त लागतात, कारण हिशोबात फरकाचा वर्ग असतो. 30-30 च्या ट्रायलमध्ये 6 चा खरा फरक बहुधा सापडणारच नाही, आणि सापडला तर नशिबाने फुगलेला सापडेल. झाडपाल्याच्या कितीतरी छोट्या ट्रायलचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारण हे आहे असं माझं ठाम मत झालंय.

बरं, ते 14 पण सगळे एंडॉर्फिनचे नाहीत. माणूस दवाखान्यात येतो तोच दुखणं जास्त असताना, काही न करताही ते थोडं उतरतंच. यातलं प्लासिबोचं किती आणि आपोआप उतरलेलं किती हे कळायला काहीच न देता नुसता थांबवलेला तिसरा ग्रुप लागतो, तो आमच्याकडे नव्हता.

शेवटच्या भेटीत प्रत्येकाला एक प्रश्न होता, तुम्हाला काय मिळालं असं वाटतं, काढा, डमी की सांगता येत नाही? ब्लाइंडिंग, म्हणजे कोणाला काय मिळालं ते न कळू देणं, टिकलं की नाही ते यावरून मोजतात. आमचे बहुतेक दोन्हीकडचे लोक "काढा" म्हणाले, म्हणजे चव-वासाची मेहनत कामाला आली. पण यातही एक गोम आहे. ज्याला बरं वाटलं तो साहजिकच "काढा" म्हणतो, मग त्याने चवीवरून ओळखलं की आरामावरून, हे शेवटी विचारून समजत नाही. हा प्रश्न पहिल्या काही दिवसांत, आराम पडायच्या आधी विचारायला हवा.

त्या सत्तरीच्या काकूंना डमी मिळाला होता आणि त्यांना चांगलाच आराम होता. सांगितल्यावर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच बरं वाटतं म्हणत होते काय?" डॉक्टरांनी त्यांना नॅलॉक्सोनची गोष्ट साध्या भाषेत सांगितली, की तुमचं दुखणं खरं होतं आणि आरामही खरा, औषध तुमच्या अंगातूनच आलं. फक्त त्याने गुडघ्याची झिजलेली कूर्चा परत येत नाही हेही सांगितलं.

या सगळ्यात मला सगळ्यात खोल वाटलेली गोष्ट म्हणजे प्रोग्लुमाइडची. बेनेदेत्तींच्या गटाने 1995 मध्ये हे औषध वेदनेवर वापरून पाहिलं. पेशंटला सांगून दिलं तर ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं. नेहमीच्या ट्रायलच्या भाषेत पास! पण तेच औषध पेशंटला कळू न देता, लपवून शिरेतून दिलं तेव्हा वेदनेवर काहीच परिणाम नाही. त्याचं स्वतःचं वेदनाशामक काम शून्य, ते कोलेसिस्टोकायनिन नावाच्या द्रव्याला अडवतं, आणि ते द्रव्य शरीराच्या ओपिऑइडना ब्रेक लावत असतं. ब्रेक सुटला की अपेक्षेने सुटलेली ओपिऑइडं जास्त काम करतात. म्हणजे ते स्वतः वेदना कमी करत नव्हतं, प्लासिबोचाच परिणाम वाढवत होतं. डबल ब्लाइंड ट्रायल कितीही चोख केली तरी हा फरक दिसला नसता, कारण औषध वजा प्लासिबो या वजाबाकीत आपण धरून चालतो की दोन्ही वेगवेगळे साठतात, आणि इथे ते एकमेकांत गुंतलेले.

आता हे काढ्याला लावून बघा. सात वनस्पतींच्या अर्कात शेकडो रसायनं, त्यातलं एखादं प्रोग्लुमाइडसारखं वागत असेल तर? किंवा उलट, काढ्याचा खरा परिणाम त्याच ओपिऑइड वाटेने जात असेल आणि डमीने ती वाट आधीच भरली असेल, तर वजाबाकीत काढा निकामी ठरेल आणि ते चूक असेल. हे सोडवायचा रस्ता म्हणजे लपवून देणं. शिरेतून चालू असलेल्या सलाइनमध्ये पेशंटच्या नकळत मॉर्फिन सोडता येतं. कडू, वासाचा, फेसाचा काढा कोणाच्या नकळत कसा पाजणार?

डॉक्टरांचा पुढचा आराखडा आता तयार होतोय. काढ्याऐवजी घनसत्त्व, म्हणजे आटवून सुकवलेला अर्क, कोटिंग केलेल्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे चव-वास बराचसा जातो आणि डमीत 5 टक्के खरं औषध घालायची गरज उरत नाही. तीन ग्रुप, औषध, डमी आणि सध्या फक्त व्यायाम व पॅरासिटॅमॉल चालू ठेवून औषध नंतर मिळणार असे थांबलेले. पेशंट किती लागतील ते 6-7 च्या फरकावरून काढायचं, त्यामुळे एका कॉलेजचं काम राहिलं नाही, म्हापसा आणि मडगाव बाजूचे दवाखाने बरोबर घ्यायला लागतील. अंदाजाचा प्रश्न चौथ्या दिवशी. आणि सुरुवातीलाच पेशंटला विचारायचं की खरं औषध मिळण्याची शक्यता तुम्हाला स्वतःला किती वाटते, शून्य ते शंभर. तोच आकडा नंतर आरामाशी ताडून बघायचा. माझ्याकडे कॅप्सूलचं वजन दोन्हीकडे सारखं ठेवायचं काम आलंय, घनसत्त्व दमट हवेत पाणी ओढतं आणि गोव्यातल्या पावसात ते किती जड होतं ते सध्या मोजतोय.